दोन फोटोंत बीएमआय: सात महिन्यांनंतर

एक फोटो वजनकाट्याच्या तबकडीचा, दुसरा भिंतीवरच्या उंचीच्या खुणेचा. दोन्ही टाकले की ॲप आकडे वाचतं आणि बीएमआय सांगतं. सात महिने दर रविवारी सकाळी हे केलं. आकडे हाताने टाकायचा मला कंटाळा, म्हणून घेतलं होतं.

पहिले चार महिने फोटो नवरा काढायचा. वजन ७० किलोच्या आसपास, बीएमआय २५.२ किंवा २५.३, म्हणजे २५ च्या रेषेच्या जरासा वर. पाचव्या महिन्यात तो बाहेरगावी होता, तेव्हा हे काम अकरा वर्षांच्या मुलीकडे आलं. त्याच रविवारी ॲपने २४.५ दाखवलं आणि मला हिरव्या पट्ट्यात टाकलं. वजन तेच, ७०. मी खूश. पुढच्या रविवारीही २४.५. मग उंचीचा आकडा उघडून पाहिला, तर १६९! चाळिशीत मी तीन सेंटिमीटर वाढले होते.

कारण कळायला एक संध्याकाळ गेली. आमच्या भिंतीवर टेप चिकटवलेली आहे. मी पाठ टेकून उभी राहते आणि माझं डोकं टेपवर कुठे येतं, ते ॲप फोटोत बघतं. पण डोक्याचा सर्वात उंच भाग भिंतीला चिकटलेला नसतो, साधारण १२ सेंमी पुढे असतो. मुलगी भिंतीपासून दीड मीटरवर उभी, फोन तिच्या डोळ्यांसमोर म्हणजे जमिनीपासून १.३० मीटरवर. तिथून वर बघणारी रेषा माझ्या १.६६ मीटरवरच्या टाळूला शिवून आणखी वर जाते आणि भिंतीवर १.६९ मीटरवर टेकते. नवऱ्याचा फोन १.६० मीटरवर असायचा, म्हणून त्याच्या फोटोत चूक जेमतेम अर्धा सेंटिमीटर.

तीन सेंटिमीटर म्हणजे दोन टक्क्यांच्या आत, पण बीएमआयमध्ये वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात, म्हणून उंचीतली चूक जवळजवळ दुप्पट होऊन उतरते. ७० भागिले १.६६ चा वर्ग म्हणजे २५.४. तेच १.६९ ने केलं तर २४.५. एक ग्रॅमही न घटता मी रेषेखाली आले, ते असं.

उपाय सोपा निघाला. सुताराचा गुण्या घ्यायचा, एक बाजू भिंतीला सपाट लावायची, दुसरी डोक्यावर टेकवायची आणि पेन्सिलने रेघ मारायची. मग माणसाने बाजूला व्हायचं आणि फोटो फक्त रेघेचा आणि टेपचा काढायचा. दोन्ही भिंतीवरच असल्यामुळे फोन वर असो की खाली, आकडा बदलत नाही. (आधी मी गुण्याऐवजी पुस्तक वापरलं. ते नकळत कलतं.) टाचा भिंतीला लागल्या पाहिजेत, आमच्याकडे तळाची फरशीची पट्टी आडवी येत होती, म्हणून दाराशेजारची जागा निवडली. टेपचं शून्य जमिनीला टेकलंय का, तेही वाकून बघा.

खरं तर मोठ्या माणसाची उंची दर आठवड्याला मोजायची गरजच काय? हीच माझी मुख्य तक्रार. ॲप दर वेळी उंचीचा नवा फोटो मागतं, आणि उंचीचा आकडा डगमगला की आलेख डगमगतो. सेटिंगमध्ये 'उंची कायम ठेवा' हा पर्याय आहे, पण तीन पानं आत. पेन्सिलची रेघ मिळाल्यावर मी तो चालू केला आणि आलेख शांत झाला.

वजनाच्या बाजूने ॲप बरं निघालं. दोनदा त्याने तबकडीवरचे पौंड किलो समजून वाचले: वजन १५४, बीएमआय ५५.९. अशी चूक लगेच दिसते. तिरकस फोटोची चूक दिसत नाही. आमच्या काट्यावर लाल रेघ काचेवर आहे आणि आकडे तिच्या खाली पाचेक मिलिमीटरवर फिरतात. फोन उजव्या हातात धरला की रेघ आकड्यांवर डावीकडे सरकलेली दिसते. सरकते एक मिलिमीटरच, पण एका किलोची जागा जेमतेम तीन मिलिमीटर आहे, म्हणजे फरक किलोच्या तिसऱ्या हिश्शाचा. बीएमआयमध्ये तो ०.१ इतकाच. फोन बरोबर रेघेच्या वर आणला की तोही जातो. काट्यावर चढण्याआधी रिकाम्या तबकडीचा फोटो काढत जा. एका रविवारी माझा काटा शून्याऐवजी एकावर थांबला होता.

काट्यावर अर्धा किलो अंदाजाने वाचता येतो, म्हणजे बीएमआय ०.२ इकडे तिकडे. तरी ॲप २५.४१ असं दोन दशांशांत सांगतं. मी पहिल्याच दशांशावर थांबते, आणि तोही सैलच धरते.

एक गोष्ट मात्र त्यांनी दुरुस्त करायलाच हवी. मुलीने गंमत म्हणून स्वतःचं मोजलं, १६.५ आलं आणि ॲपने लाल अक्षरांत 'वजन कमी' म्हटलं. १८.५ ची रेषा मोठ्यांची आहे. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी यानुसार वाढीच्या तक्त्यावर बघतात, आणि त्यावर ती अगदी ठीक आहे. तिने दोन दिवस जास्तीची पोळी मागितली, मग विसरली. ॲपमध्ये वय विचारलेलं आहे, वापरलेलं नाही.

पाचपैकी तीन तारे. पेन्सिलची रेघ मारायला तयार असाल तर साडेतीन.