लटच्या आधी सुधारायचं की नंतर? एस-लॉग3 फिकट दिसत असेल तर

हळदीचा शूट. अंगणात ऊन, नवरदेवाचा पांढरा सदरा, गालावर ताजी हळद. सोनी FX30 वर एस-लॉग3 मध्ये, सावल्यांत नॉइज नको म्हणून मुद्दाम 1.7 स्टॉप जास्त प्रकाश घेतलेला. घरी येऊन सोनीची LC-709 ही लट, म्हणजे लॉगचे आकडे नेहमीच्या रंगांत बदलणारा तयार LUT तक्ता, लावली आणि चित्र दुधात पाणी घातल्यासारखं दिसायला लागलं. इथून दोन वाटा फुटतात: लटनंतर कॉन्ट्रास्ट वाढवत बसायचं, किंवा लटच्या आधी एक्स्पोजर जागेवर आणायचं. माझं मत स्पष्ट आहे, पण आधी फिकटपणा कुठून आला ते बघू.

एस-लॉग3 मध्ये बरोबर एक्स्पोज केलेला 18 टक्क्यांचा करडा रंग 10-बिटच्या 0 ते 1023 या मोजपट्टीवर 420 वर असतो. लट बनवणाऱ्याने तो तिथेच असेल असं धरलेलं असतं. आपण 1.7 स्टॉप चढवल्यामुळे तो साधारण 550 वर गेला. लटला हे कळायला मार्ग नाही. ती 550 ला उजळ वस्तू समजते आणि वरच्या भागात ढकलते. सदऱ्याचा पांढरा त्याहून वर असतो. तिथे लटचा उतार फार मंद असल्यामुळे चुण्यांमधला फरक अगदी थोड्या आकड्यांत दाबला जातो.

आता लटनंतर तुम्ही चित्र खाली ओढलंत, तर तो दाबलेला भाग दाबलेल्याच अवस्थेत खाली येतो. सदरा पांढऱ्याऐवजी राखाडी होतो, चुण्या परत येत नाहीत. हळदीचं त्याहून वाईट. उजळ भागात लट रंगाची तीव्रताही कमी करते, म्हणून मग सॅच्युरेशन वाढवावं लागतं आणि गालावर मळकट पिवळे डाग उठतात. वेव्हफॉर्मवर हे लगेच ओळखता येतं: सदऱ्याची रेघ जाड पट्ट्यासारखी असायला हवी, ती बारीक दोरीसारखी झालेली असते.

लटच्या आधीच्या नोडवर काम केलं तर मात्र माहिती अजून शाबूत असते. लॉगमध्ये एक स्टॉप म्हणजे सुमारे 79 आकडे, आणि खोल सावल्या सोडल्या तर हे अंतर सगळीकडे जवळपास सारखंच. म्हणून डाविंची रिझॉल्व्हमध्ये Offset चाक खाली फिरवणं म्हणजे जणू कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर बंद करणं. करड्या रंगाचा चार्ट शूट केलेला नसेल तर चेहरा बघत फिरवा; लट चालू ठेवूनच फिरवा, म्हणजे निकाल डोळ्यासमोर राहतो. Offset ने अगदी गडद भाग जरा जास्त दबतो, कारण एस-लॉग3 ची वक्ररेषा तळाशी वेगळी वागते. त्यावर उपाय म्हणजे HDR पॅलेटमध्ये कलर स्पेस S-Gamut3.Cine आणि गॅमा S-Log3 निवडून Exposure ला -1.70 देणं. आमच्या हळदीच्या क्लिपवर एवढं केल्यावर सदऱ्याच्या चुण्या दिसू लागल्या आणि सॅच्युरेशनला हातही लावावा लागला नाही.

एक गोष्ट बहुतेकांना चकवते. रिझॉल्व्हमध्ये ज्या नोडवर लट लावली त्याच नोडची चाकं फिरवली, तर ती सुधारणा लटच्या आधी लागते. प्रीमियरच्या ल्युमेट्रीमध्ये उलट: Basic Correction मधली Input LUT आधी लागते, स्लायडर नंतर. म्हणून "मी तर तेच केलं, पण माझं फिकटच राहिलं" असं होतं. प्रीमियरमध्ये लट Creative विभागातल्या Look मध्ये टाका, म्हणजे Basic चा Exposure तिच्या आधी लागेल.

मग लटनंतर सुधारणा कधीच नको का? तसं नाही. एक्स्पोजर बरोबर असेल आणि तरी चित्र मऊ वाटत असेल, तर दोष लटच्या स्वभावात आहे. LC-709 मधलं LC म्हणजेच कमी कॉन्ट्रास्ट. अशा वेळी नंतरच्या नोडवर हलका एस-कर्व्ह द्या, तो तिथेच शोभतो. शॉटनुसारची बारीक रंगछटाही नंतरच.

रिझॉल्व्हवाल्यांना तिसरा पर्याय आहे: लटऐवजी कलर स्पेस ट्रान्सफॉर्म. Input मध्ये S-Gamut3.Cine आणि S-Log3, Output मध्ये Rec.709 आणि Gamma 2.4. ठराविक तक्त्यावरून वाचण्याऐवजी इथे गणित होतं. दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे एकाच लग्नात असतील तर मी हेच घेतो. पण एक्स्पोजरची चूक इथेही आधीच्याच नोडवर सुधारावी लागते.

आणि सदरा कॅमेऱ्यातच फुटला असेल, म्हणजे लॉगमध्येच वेव्हफॉर्म वर सपाट कापलेला दिसत असेल, तर यातली कुठलीच वाट त्या चुण्या आणणार नाही. तेवढा शॉट दुसऱ्या कोनातल्या फुटेजमधून घ्या.