किमोनंतर शौचाला होत नाही: इसबगोल, लॅक्टुलोज, पीईजी की बिसाकोडिल?

किमो घेऊन घरी आलं की शेजारपाजारचे पहिला सल्ला देतात तो इसबगोलचा. त्या आठवड्यापुरतं तरी माझं मत उलटं आहे. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं पॅलोनोसेट्रॉन किंवा ऑन्डान्सेट्रॉन आतड्याची हालचाल मंदावतं, आणि पॅलोनोसेट्रॉनचा असर तर काही दिवस टिकतो. इसबगोल पाणी शोषून फुगतं. मळमळीमुळे पोटात पाणी जात नाही आणि आतडं पुढे ढकलत नाही, अशा वेळी तो गोळा आतच अडकून बसू शकतो.

लॅक्टुलोज आणि पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, दोन्ही मलात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोज गोड असतं आणि गॅस धरतो. आधीच मळमळत असताना तो गोडवा नको होतो. पीईजीला फारशी चव नाही, म्हणून माझा कौल पीईजीला. पण दोन्हींना असर दाखवायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पोट अडल्यावर सुरू करणं म्हणजे उशीरच. बिसाकोडिल आतड्याला थेट चालना देतं. रात्री गोळी घेतली की सकाळी पोट साफ होतं, कधी मुरडा येतो. ती हळदीच्या दुधासोबत मात्र घेऊ नये: दुधाने गोळीवरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात. मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा.

समजा, वहिनींची किमो सोमवारी आहे आणि मागच्या वेळी चार दिवस कोंडलं होतं. डॉक्टरांना विचारून सोमवारी रात्रीच 17 ग्रॅम पीईजी ग्लासभर पाण्यात घ्यायचं आणि शुक्रवारपर्यंत रोज चालू ठेवायचं. बुधवारी रात्रीपर्यंत काहीच झालं नाही, तर 5 मिलिग्रॅम बिसाकोडिलची जोड द्यायची. शौच पातळ झाली की दोन्ही बंद.

सकाळी कोमट पाणी, मग उकळत्या पाण्यात भिजवलेल्या मनुका, आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासात शौचाला बसणं. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, ती वेळ दवडू नये. दुपारी मुगाची मऊ खिचडी आणि शिजवलेला दुधी, संध्याकाळी पपई. नाशिकची द्राक्षं समोर असली तरी पांढऱ्या पेशी घसरतात त्या दिवसांत, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, घट्ट घडापेक्षा सोलून खायचं फळ बरं. त्या काळात एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची गोळी स्वतःहून वापरू नये; तिथे इजा झाली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

तीन दिवस काहीच नाही, पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत किंवा ताप 100.4 फॅरनहाइट झालाय, तर थेट डॉक्टरांकडे. चार दिवस कोंडून मग नुसतं पाण्यासारखं झिरपू लागलं, तर ते जुलाब समजून थांबवणारी गोळी देऊ नका. अडलेल्या मळाच्या कडेने ते वाट काढत असतं.

किमोत इरिनोटेकॅन असेल तर हे वेळापत्रक सुरूच करू नका. त्याने उलट जुलाब लागतात.