४४० ला की ४६२ ला?

फोंड्यात माझ्या शेजारी बसून ट्रेडिंग करणारा मित्र ब्रेकआउटवालाच, आधीचा उच्चांक तुटल्यावर घेणारा. मी पुलबॅकवाला, भाव मागे येऊन पुन्हा वर वळला की घेणारा. एक शेअर ४१५ वरून ४६० ला गेला, मग ४३२ पर्यंत उतरला. उतरताना व्हॉल्यूम आटत गेला, म्हणजे विकणारे थोडेच होते. ४३२ च्या कँडलचा हाय ४३९. दुसऱ्या दिवशी तो ओलांडताच मी ४४० ला घेतला, स्टॉप ४३०. मित्र थांबला आणि ४६० तुटल्यावर ४६२ ला शिरला. त्याचाही खरा स्टॉप ४३०च. ४६० च्या लगेच खाली ठेवला तर किरकोळ हेलकाव्यातही उडतो.

दोघांची जोखीम प्रत्येकी ३,२०० रुपये. शेअरमागे माझे १० रुपये पणाला, त्याचे ३२; म्हणून माझे ३२० शेअर बसले, त्याचे १००. भाव ४९० ला गेला तेव्हा मला १६,००० मिळाले, त्याला २,८००.

पण हायर लो, म्हणजे आधीच्या तळापेक्षा वरचा तळ, झाला हे भाव वर वळल्यावरच कळतं. पडत्या कँडलमध्ये अंदाजाने घेतलं आणि ४१५ तुटलं, तर अपट्रेंडची रचनाच मोडते. शिवाय खरे जोरकस शेअर कधीकधी मागे येतच नाहीत. तिथे मित्र कमावतो, मी नुसता बघतो. तरीही मी पुलबॅकच निवडतो.