“बाळ रांगू दे, मांजर लोळू दे”: पेस्ट कंट्रोलची जाहिरात आठ महिने भोंग्यावर वाजवल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पेस्ट कंट्रोलचं काम करतो. मी आणि हाताखाली एक पोरगा, एवढाच पसारा. कृषी खात्याचा परवाना आहे. झुरळं, उधई, ढेकूण, उंदीर यांच्यावर आमचं पोट. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत आजूबाजूच्या गावांत रिक्षाला भोंगा बांधून जी जाहिरात वाजवली, तिच्या संहितेबद्दल हे लिहितो आहे. रिक्षावाल्याबद्दल आणि आवाज देणाऱ्या बाईंबद्दल काही तक्रार नाही, दोघांनीही काम चोख केलं.

संहिता शहरातल्या एका जाहिरातवाल्याकडून घेतली होती, रेकॉर्डिंगसकट अडीच हजारांत. चाळीस सेकंदांची. सुरुवातीला बाळाचं खुदकन हसणं. मग बाईचा आवाज, “अहो, उद्या फवारणीवाले येणार. बाळाला घेऊन माहेरी जाऊ का?” त्यावर नवरा, “कशाला गं? हे औषध शंभर टक्के सुरक्षित! ना वास, ना डाग. बाळ रांगू दे, मांजर लोळू दे!” शेवटी फोन नंबर, तीनदा. ऐकायला गोड होती. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू.

पहिल्या महिन्यात फोन आले, पण त्या फोनांत एक गंमत होती. नव्वद टक्के लोक तेच विचारत, “भाऊ, काहून हो, औषध आहे न, मंग सुरक्षित कसं?” मला वाटायचं, जाहिरातीत सांगितलंच आहे की. एका म्हाताऱ्या बाबांनी मग सरळ सांगितलं, “अजी, आमच्याइकडे औषध घेतलं म्हन्लं का मानूस सरकारी दवाखान्यात असते.” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शहरात ‘औषध’ म्हणजे खोकल्याची बाटली. इथे ‘औषध’ म्हणजे कपाशीवर मारायचं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. त्यातलं कोणी ना कोणी प्रत्येक गावाच्या ओळखीचं आहे. अशा माणसाला ‘सुरक्षित औषध’ म्हणणं म्हणजे समोरचा काहीतरी लपवतो आहे अशी खूण देणं. ज्यांचा विश्वास बसत नव्हता त्यांचा तर तोटा झालाच, पण खरा घोटाळा ज्यांचा विश्वास बसला त्यांच्याकडे झाला.

जूनमधली गोष्ट. एका घरी झुरळं फार होती. ओट्याखाली जेल लावलं आणि न्हाणीत, मोरीच्या कडेला पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक फवारलं. पोरग्याने “घरात कोणी जनावर आहे का” असं विचारलंच नाही. घरच्या काकूंनीही सांगितलं नाही. का सांगतील? भोंग्यावर ऐकलं होतं की मांजर लोळलं तरी चालतं. आम्ही निघालो आणि त्यांची मांजर ओल्या फरशीवरून चालत गेली, मग चुलीपाशी बसून सवयीने पाय चाटत राहिली.

संध्याकाळी फोन. “मांजरीच्या तोंडातून लाळ गळून राह्यली, कान फडफडवते, पाय झटकते.” मी गाडी काढली. जाता जाता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन आधी पाय आणि अंग धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या, तोंडात दूध-तेल काही ओतू नका, आणि थरथर वाढली तर एक मिनिट न थांबता घेऊन या. मांजर धुणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. माझ्या मनगटावर अजून ओरखड्याची खूण आहे. रात्रभर तिचा कान अधूनमधून उडत होता. दोन दिवसांनी ती भाकरी खायला लागली.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की हे विष पचवून बाहेर टाकण्याची जी ताकद माणसाच्या नि कुत्र्याच्या लिव्हरमध्ये असते, ती मांजरात फार तोकडी असते. शिवाय मांजर अंग चाटते, म्हणजे पायाला लागलेलं सगळं पोटात. ‘शंभर टक्के सुरक्षित’ असं एका दमात म्हणून जाहिरातीने कुत्रं, मांजर, कोंबडी आणि काचेच्या भांड्यातले मासे एका पोत्यात भरले होते. मासे तर या गटातल्या कीटकनाशकाला मांजरीपेक्षाही नाजूक.

त्या रात्री मी डबा हातात घेऊन पहिल्यांदा शब्द न् शब्द वाचला. विष किती जहाल ते रंगाने सांगणारा त्रिकोण, आमच्या डब्यावर निळा, सूचना, सगळं. ‘सुरक्षित’ हा शब्द कुठेच नाही. नसणारच होता. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये लेबलाबद्दल साफ म्हटलं आहे की ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असले दावे छापायचे नाहीत, ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी शेपटी जोडली तरी नाही. नियम डब्याचा आहे, भोंग्याचा नाही, हे मान्य. पण बनवणाऱ्या कंपनीला डब्यावर जे म्हणता येत नाही ते मी गावभर ओरडून सांगत होतो. जाहिरातवाल्याला फोन केला तर म्हणाला, “दादा, सगळेच असं म्हणतात.” त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मग संहिता स्वतःच लिहायला घेतली. पहिला प्रयत्न अगदी प्रामाणिक होता आणि अगदी निकामी. सुरुवातीला “आमची पद्धत तुमच्या लेकरांची काळजी घेते”, मध्ये सेवा, शेवटी “मात्र फवारा सुकेपर्यंत मुलांना व जनावरांना दूर ठेवा.” पहिल्याच गावात एका घरी गेलो तर पोर मोरीपाशी खेळतंय. “सुकेपर्यंत दूर ठेवा हे ऐकलं नाही का?” तर म्हणे नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः एका घराच्या ओसरीवर मोबाईलवर सेकंद मोजत उभा राहिलो. रिक्षा माणसाच्या चालीपेक्षा थोडी वेगाने जाते. येताना शब्द कळत नाहीत, वळणाआड गेली की नुसता गोंगाट. साफ ऐकू येतात ते दहा-बारा सेकंद. म्हणजे चाळीस सेकंदांची जाहिरात कोणीच पूर्ण ऐकत नाही. एका घराला नुसतं आश्वासन मिळतं, दुसऱ्याला नुसती अट.

जाहिरात लिहिणाऱ्याने कधी रिक्षामागे चालून पाहिलं असेल असं वाटत नाही. म्हणून आता संहितेचे तीन तुकडे केले, प्रत्येक दहा सेकंदांच्या आसपास, आणि प्रत्येक तुकड्यात अट आणि धीर एकाच वाक्यात:

“झुरळांसाठी ओट्याखाली आणि कपाटाच्या सांध्यात तांदळाच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावतो, जिथे लेकराचा हात पोचत नाही तिथेच.”

“फवारा मारावा लागला तर जमीन पूर्ण सुकेपर्यंत लेकरं, मांजर, कुत्रं, कोंबड्या बाहेर ठेवा, घरात मासे असतील तर फोनवरच सांगा.”

“कोणतं कीटकनाशक आणलं ते डबा दाखवून सांगतो आणि नाव कागदावर लिहून देतो.”

‘औषध’ शब्द काढला, ‘कीटकनाशक’ ठेवला. बाळाचं हसणंही काढलं. आमच्या घरच्या बाईसाहेबांना ते फार आवडायचं, त्यावरून दोन दिवस अबोला होता.

तिसऱ्या तुकड्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. इथल्या शेतकऱ्याला डब्यावरचा त्रिकोण वाचता येतो. लाल पाहिला की तो आत घेऊ देणार नाही, हिरवा-निळा असेल तर प्रश्न विचारून घेईल. भोंग्यावरच्या दहा विशेषणांपेक्षा हा एक डबा जास्त बोलतो. नावाची चिठ्ठी चुलीवरच्या फळीत खोचून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. काही झालंच तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो, काय मारलं होतं?

पहिल्या तुकड्यामुळे कामाची पद्धतही सुधारली. जेलवर भर दिला की फवारा कमी लागतो. आणि जेल लावलं त्याच जागी फवारा मारणं तसंही चुकीचं आहे, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. पूर्वी गिऱ्हाइकाला ‘काम केल्यासारखं’ दिसावं म्हणून आम्ही दोन्ही करायचो.

दुसऱ्या तुकड्यात मात्र एक चूक मी लिहूनच ठेवली होती. आधी तिथे ‘चार तास’ असं होतं. फरशीच्या घरात खिडक्या उघड्या ठेवल्या तर ते चालतं. श्रावणात शेणाने सारवलेल्या घरी चार तासांनी जमिनीवर कागद ठेवून दाबला तर कागद दमट निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा. म्हणून तासांचा आकडा काढून ‘पूर्ण सुकेपर्यंत’ केलं, आणि कागद दाबून पाहायचं आम्ही घरी जाऊन दाखवतो. त्याच घरी पुढे पोळ्याच्या आधी काकूंनी घर सारवलं, उघड्या हातांनी, फवारलेल्या कोपऱ्यासकट. हाताला लागलं ते लागलं, आणि वर नवा थर बसल्याने आमचा फवाराही वाया गेला. आता सारवलेल्या घरी कामाआधीच विचारतो, “माय, पुढचं सारवण कधी?” आणि तारीख त्याप्रमाणे ठरवतो. हे भोंग्यावर सांगत बसलो तर दहा सेकंद पुरायचे नाहीत.

धंद्याचं म्हणाल तर नवी संहिता लावल्यावर पहिले दोन आठवडे फोन कमी झाले. घाबरलो होतो. नंतर हळूहळू सावरले. जे फोन येतात त्यांत आता “बकऱ्या कुठे बांधू?”, “पोट्टे शाळेत असतात तेव्हा येजा” असं बोलणं असतं. घरी पोचेपर्यंत कोंबड्यांचा डालगा मागच्या अंगणात हललेला असतो. पुन्हा जाऊन समजावण्याचे खेटे वाचले.

उंदरांचं वाक्य मात्र अजून जमलेलं नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस फिरतो, आणि तोच उंदीर मांजरीने धरला तर तिच्या अंगात रक्तस्राव होऊ शकतो. हे दहा सेकंदांत लिहायचे तीन प्रयत्न केले. एक ऐकून लोक घाबरले, एकातून काही कळलं नाही, आणि तिसरा वाचल्यावर मलाच तो जुन्या जाहिरातीसारखा वाटला. सध्या भोंग्यावर उंदीर नाहीतच. फोन आला की आधी विचारतो, घरी मांजर आहे का? असेल तर वड्या न नेता पिंजरे नेतो.