तक्ता की थेंब?

धरमपेठेतली माझी भाची चौथीत आहे. शाळेतल्या डोळ्यांच्या तपासणीत तिनं सहा मीटरवरच्या तक्त्याची शेवटची ओळही धडाधड वाचली. घरी मात्र पुस्तक उघडून वीस मिनिटं झाली की कपाळ दुखायचं, ओळ सुटायची. आम्ही आपले नागपूरच्या उन्हाला बोल लावत बसलो!

तक्ता लांबचं दिसतं का, एवढंच विचारतो. प्लस नंबरचं मूल डोळ्यातला स्नायू आवळून भिंग फुगवतं आणि पास होतं. जवळच्या अक्षरांना त्याहून जास्त जोर लागतो. तिथं स्नायू थकतो.

सायक्लोपेंटोलेटचे थेंब तो स्नायूच सैल करतात. मग डॉक्टर रेटिनोस्कोपचा उजेड डोळ्यात फिरवून नंबर काढतात, मुलाला काही वाचावं लागत नाही. भाचीचा थेंबांआधी +१ आला होता, नंतर +३.५. त्रास एवढाच की दिवसभर जवळचं धूसर आणि ऑटोत बसल्यावर उन्हानं डोळे मिटलेले.

अख्ख्या वर्गाला थेंब घालता येत नाहीत, आणि मायनस नंबर तक्ता बरोब्बर पकडतो. पण डोळ्यापुढे +२ चं भिंग धरूनही मूल तीच ओळ वाचत असेल, तर मी थेंबच निवडेन.