आवाज द्यावा की लेबलिंग करावे? जळगावातून एक तुलना

संगणकाला बोललेली मराठी समजावी म्हणून वाक्ये वाचून आवाज नोंदवणे आणि अशा नोंदी तपासण्याचे डेटा लेबलिंग ही दोन्ही कामे मी जळगावात घरी बसून केली आहेत. कमाईपुरते पाहिले तर पहिले काम सरस ठरते. मला मिळालेल्या एका संचात पाच-पाच सेकंदांची 100 वाक्ये होती आणि स्वीकारलेल्या प्रत्येक वाक्यामागे 2 रुपये होते. हे आठ-नऊ मिनिटांचे काम वाटले, पण त्याला दीड तास लागला आणि 31 वाक्ये नापास झाली, म्हणजे हाती 138 रुपये आले. लेबलिंगमध्ये दुसऱ्याने वाचलेले वाक्य ऐकून ते लिखित मजकुराशी जुळते का ते पाहायचे होते. तिथे दीड तासात शंभराच्या आसपासच रुपये सुटले.

तरीही आता मी लेबलिंगच करतो, आणि त्याचे कारण पंखा आहे. नापास वाक्यांपुढे बहुतेक ठिकाणी ‘पार्श्वभूमीत आवाज’ असाच शेरा होता. आपल्या कानाला सवयीने न जाणवणारी कूलरची घरघर मोबाइलचा माइक इमानदारीने टिपतो. खान्देशातल्या मे महिन्यात दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून वाचत बसणे मला तरी जमले नाही; पहाटे बसावे, तर गल्लीतली कुत्री भुंकू लागतात. ज्यांच्याकडे शांत, थंड खोली आहे, त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. अहिराणी वळणाच्या उच्चारामुळे मात्र एकही वाक्य नापास झाले नाही. जिल्हा आणि मातृभाषा आधीच विचारली होती, कारण काम देणाऱ्यांना असे वेगवेगळे उच्चारच हवे असतात.

नापास होण्याचे कारण सांगितले जाणे हीच मला खऱ्या कामाची पहिली खूण वाटते. दुसरी खूण संमतीपत्राची आहे: आवाज कशासाठी वापरणार आणि तो मागे घेता येईल का, हे त्यात लिहिलेले असते. वाचनात आकडे येणे स्वाभाविक आहे, पण आपलाच खाते क्रमांक किंवा ओटीपी बोलायला सांगितले, तर तिथेच थांबावे. लेबलिंगच्या नावाखाली मला एकदा टेलिग्रामवर काम आले होते. पहिल्या दिवशी किरकोळ रक्कम खरोखर जमा झाली आणि दुसऱ्या दिवशी ‘पुढचा टप्पा उघडण्यासाठी’ अनामत मागितली गेली. मी ती भरली नाही. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावे.

नवख्याने आधी मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर मराठी वाक्ये वाचून पाहावीत आणि इतरांची ऐकून तपासावीत. तिथे मोबदला नाही, पण दोन्ही कामांची चव कळते. थंडीत पंखा बंद असतो, तेव्हा एखादा आवाजाचा संच मीही घेतो.