नवरा-बायकोच्या व्यवसायाची ओळख : एकच ‘आम्ही’, दोन स्वतंत्र परिचय, की एका मजकुरात दोघांचे भाग?

नवरा-बायको मिळून धंदा चालवतात तेव्हा वेबसाइटवर, प्रदर्शनाच्या स्टॉलवर किंवा बँकेच्या फाइलमध्ये त्यांची ओळख लिहायची वेळ कधीतरी येतेच. मजकूर तीन प्रकारे मांडता येतो. पहिल्या प्रकारात सगळं ‘आम्ही’ म्हणून एकत्र येतं. दुसऱ्यात दोघांचे वेगळे परिचय शेजारी-शेजारी असतात. तिसऱ्यात व्यवसायाची सामाईक गोष्ट थोडक्यात सांगून पुढे प्रत्येकाचं काम त्याच्या किंवा तिच्या नावावर मांडलं जातं. माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही.

उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातला एक लाकडी घाणा धरू. तो कोणा एका खऱ्या जोडप्याचा नाही, पण असे घाणे आता गावोगावी दिसतात. इथे शेंगदाण्याची खरेदी आणि घाणा बायकोकडे आहे. माल ओलसर आहे का, त्याला खवट वास येतोय का, हे बघून पोतं घ्यायचं की परत पाठवायचं ते ती ठरवते. तेल किती दिवस निवळू द्यायचं हेही तीच ठरवते. नवऱ्याकडे विक्री, दुकानदारांची उधारी, हिशेब आणि अन्न परवान्याची कागदपत्रं आहेत. बाटल्या दोघंही भरतात.

पहिल्या प्रकाराने लिहिलं तर मजकूर असा होईल : ‘आम्ही दोघांनी मिळून हा घाणा सुरू केला. निवडक शेंगदाण्यापासून शुद्ध तेल काढून ते आम्ही तुमच्या घरापर्यंत पोहोचवतो.’ वाचायला छान, लिहायला सोपं, आणि एका अर्थी खरंही. पण वाचणाऱ्याला कोण काय करतं ते कळलेलं नसतं, म्हणून तो रिकामी जागा आपल्या सवयीने भरतो. स्टॉलवर येणारा माणूस तेलाबद्दल नवऱ्याला विचारतो आणि बायकोकडे सुटे पैसे मागतो. पेंड कडक का झाली किंवा तेल गढूळ का दिसतंय, याचं उत्तर जिच्याकडे आहे तिला कोणी विचारतच नाही. चूक ग्राहकाची नाही, कारण मजकुराने त्याला काहीच सांगितलेलं नाही.

हे छोट्या धंद्यापुरतं नाही. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर पती-पत्नी आपल्याकडेही माहीत आहेत. भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी 1958 मध्ये जो अहवाल दिला, त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यांचं काम पुढे जगभर पोहोचलं, पण 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या फर्निचरचं प्रदर्शन भरलं ते एकट्या चार्ल्सच्या नावाने. 1956 मध्ये टीव्हीवर त्यांची नवी खुर्ची दाखवली गेली, तेव्हा रेची ओळख यशस्वी पुरुषामागची कर्तबगार स्त्री अशी करून दिली गेली. ती मूळची चित्रकार होती आणि रंग, आकार, मांडणी यांवर तिची नजर असायची. पण कोणी स्पष्ट सांगेपर्यंत ती ‘मदत करणारी’ राहिली.

मग दोघांचे परिचय पूर्ण वेगळे करावेत का? घाण्याच्या बाबतीत असं दिसेल : एका चौकटीत तिचा फोटो, शिक्षण, घाण्याचा अनुभव, दुसऱ्या चौकटीत त्याचा फोटो, आधीची नोकरी, विक्रीचा अनुभव. श्रेय स्पष्ट होतं, यात शंका नाही. दोघांपैकी एकाचं बाहेरही स्वतंत्र काम असेल, म्हणजे ती प्रशिक्षण वर्ग घेते किंवा तो इतरांचेही हिशेब बघतो, तर हाच प्रकार योग्य. पण व्यवसायाची सुरुवात दोन्ही चौकटींत दोनदा सांगावी लागते, आणि लिहिताना दोघंही नकळत ‘मी सुरू केला’ म्हणतात. दुसरी अडचण मोठी आहे. वेगळा परिचय सुटा उचलता येतो. कोणी बातमीसाठी, कोणी पुरस्कारासाठी एकच चौकट घेतो आणि दुसरी मागे राहते.

सुटं नाव उचललं जाणं किती महागात पडतं, हे वास्तुरचनेच्या क्षेत्रात दिसलं. रॉबर्ट वेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे पती-पत्नी एकाच फर्ममध्ये भागीदार होते. वास्तुरचनेतला मोठा मानला जाणारा 1991 चा प्रिट्झकर पुरस्कार मात्र एकट्या वेंचुरींना मिळाला. 2013 मध्ये त्यांच्या पत्नी स्कॉट ब्राउन यांनाही तो मान मिळावा म्हणून हजारो सह्यांची मागणी झाली, पण आधीच्या निवड समितीचा निर्णय बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. 2016 मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने सुवर्णपदक दोघांना एकत्र दिलं. ते पदक दोन व्यक्तींना मिळून देता यावं म्हणून संस्थेने आधी नियम बदलला होता.

तिसऱ्या प्रकारात घाण्याचा मजकूर असा होईल : ‘हा घाणा आम्ही दोघांनी सुरू केला. शेंगदाण्याची निवड, घाणा आणि तेलाची प्रत (तिचं नाव) पाहतात. तेलाबद्दल काहीही विचारायचं असेल तर त्यांना फोन करा. विक्री, हिशेब आणि परवाने (त्याचं नाव) पाहतात. घाऊक भावासाठी त्यांच्याशी बोला.’ सगळा मिळून चार ओळींचा मजकूर, पण सुरुवात सामाईक राहिली आणि प्रत्येक काम एका नावाशी आणि एका फोनशी बांधलं गेलं. प्रत्येकाच्या वाक्याचा कर्ता तीच व्यक्ती हवी. ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली’ असं एक वाक्य शिरलं की बाकीच्या मजकुराची मेहनत वाया जाते, कारण त्या वाक्यात तिचं स्वतःचं काम काहीच उरत नाही.

हे लिहिण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपण कोणते निर्णय घेतो ते लिहावं. कामं लिहू नयेत, कारण कामं दोघंही करतात. बाटल्या भरण्याचंच बघा. पोतं परत पाठवण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, उधारी थांबवण्याचा कोणाचा, असे प्रश्न घ्यावेत. दोन्ही कागदांवरचे निर्णय वेगवेगळे निघाले तर तिसरा प्रकार निवडा. एकच निर्णय दोघांच्याही कागदावर आला तर आधी तो प्रश्न घरात सोडवा. आणि बहुतेक निर्णय खरोखरच दोघं मिळून घेत असाल, तर ओढूनताणून वाटणी दाखवू नका. तिथे पहिला प्रकारच प्रामाणिक ठरतो, फक्त ‘आम्ही’च्या जागी दोन्ही नावं पूर्ण लिहा आणि कोणत्या कामासाठी कोणाला फोन करायचा ते जोडा.

एक मर्यादा मात्र तिन्ही प्रकारांना आहे. एकल मालकीच्या व्यवसायात कायद्याने मालक एकच असतो, आणि नोंदणी व परवाने त्याच व्यक्तीच्या नावाने निघतात. अशा वेळी परिचयात ‘आम्ही दोघे मालक’ लिहिलं आणि बँकेच्या अधिकाऱ्याने कागद पाहिले, तर पहिला प्रश्न तिथेच येईल. ‘मालक’ आणि ‘भागीदार’ हे शब्द कागदपत्रांत असतील तसेच वापरावेत. दोघांना मालकी हवी असेल तर भागीदारीचा करार करावा लागतो, नुसत्या परिचयाने ते होत नाही. कामाची वाटणी मात्र कागदावर नाव नसलेल्या जोडीदाराचीही मोकळेपणाने लिहिता येते, आणि ती तशी लिहिलीच पाहिजे.

मजकूर तयार झाला की तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्याला तो वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा : तेल गढूळ निघालं तर कोणाला फोन कराल? पन्नास लिटरचा भाव कोण सांगेल? दोन्ही उत्तरं बरोबर आली तर छापायला द्या. एकही चुकलं तर जिच्या किंवा ज्याच्या कामाबद्दल चुकलं, त्या व्यक्तीची ओळ आधी घ्या आणि पुन्हा दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.